आडवं झाल्यावर ऑक्सिजन का उतरतो?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, माझं वय ६१, उंची पाच फूट सहा इंच, पोट थोडं सुटलंय. पंचविशीपासून विडी ओढतो, सध्या दिवसाला दहा-बारा. पुढच्या महिन्यात जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. फुंकर मारायची टेस्ट नॉर्मल आली, एक्स-रेही चांगला आहे. पण बसल्यावर बोटाच्या मशीनवर ९६ दिसतं आणि सपाट झोपलो की थोड्या वेळात ९२. भूलतज्ज्ञ म्हणाले, ‘तुमचा क्लोजिंग व्हॉल्यूम वाढलाय, खालच्या नळ्या बंद पडतात, विडी आजच सोडा.’ टेस्ट नॉर्मल असताना नळ्या बंद कशा पडतात? हे वयामुळे की विडीमुळे? आणि इतक्या वर्षांनी सोडून आता काय उपयोग? – एक वाचक, कराड

नमस्कार काका,

नळ्या ‘बंद पडतात’ हे ऐकून त्या कायमच्या बुजल्या असं वाटतं. तसं नाही. त्या श्वास सोडताना मिटतात आणि पुरेसा खोल श्वास घेतला की पुन्हा उघडतात. तुमच्या भूलतज्ज्ञांचं म्हणणं मला पटतं. त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते मी जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

घशाखालची मोठी श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्या कूर्चेच्या कड्यांनी आणि तुकड्यांनी ताठ राहतात. फांद्या फुटत फुटत नळी दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झाली की तिच्या भिंतीत कूर्चा जवळजवळ उरतच नाही. मग ती उघडी कशी राहते? तिच्या सभोवती वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या, असतात आणि त्यांच्या पातळ, लवचिक भिंती नळीला बाहेरून चिकटलेल्या असतात. मांडवाचं कापड चहूबाजूंनी ताणाच्या दोऱ्यांनी ओढून धरावं, तशा या भिंती नळीला सर्व बाजूंनी बाहेर ओढून धरतात. छातीत हवा भरलेली असली की दोऱ्या ताठ आणि नळी रुंद. श्वास सोडत गेलं की फुप्फुस आक्रसतं, दोऱ्या सैल पडतात आणि नळी अरुंद होत जाते. एका पातळीखाली ती मिटते. हे तुमच्या-माझ्यासह प्रत्येक माणसात होतं. फरक असतो तो कुठल्या पातळीला मिटते यात.

आधी खालच्याच नळ्या का मिटतात, तेही सांगते. फुप्फुसाला स्वतःचं वजन असतं. माणूस उभा किंवा बसलेला असताना वरचा भाग जणू टांगलेला, म्हणून ताणलेला असतो आणि खालचा भाग वरच्या वजनामुळे दबलेला असतो. फुप्फुसाभोवतीच्या आवरणातला दाब मोजला, तर वरच्या टोकापासून तळापर्यंत दर सेंटिमीटरला पाण्याच्या पाव सेंटिमीटरइतका तो बदलत जातो. फुप्फुसाची उंची तीस सेंटिमीटर धरली, तर वरखालचा फरक सात-साडेसात सेंटिमीटर पाण्याचा होतो. श्वास पूर्ण सोडत आणला की तळाशी बाहेरचा दाब नळीच्या आतल्या दाबापेक्षा जास्त होतो. म्हणजे दोऱ्या सैल आणि वरून चेपही. वरच्या भागात तेव्हाही ओढ शिल्लक असते, म्हणून तिथल्या नळ्या उघड्या राहतात. ‘खालचा’ म्हणजे जमिनीकडचा, हे मात्र लक्षात ठेवा. बसल्यावर तो भाग पोटाच्या बाजूचा असतो, पाठीवर झोपल्यावर पाठीकडचा होतो आणि कुशीवर झोपलात तर त्या कुशीकडचा.

आता क्लोजिंग व्हॉल्यूम. कितीही जोर लावून श्वास सोडला तरी छातीत थोडी हवा राहतेच. तळाच्या नळ्या मिटायला लागल्या त्या क्षणापासून या शेवटच्या तळापर्यंत जेवढी हवा अजून बाहेर काढता येते, तिला क्लोजिंग व्हॉल्यूम म्हणतात. ही हवा आणि कायम उरणारी हवा यांची बेरीज केली की छातीत नेमकी किती हवा असताना नळ्या मिटायला लागतात ते कळतं. या बेरजेला मी इथे ‘मिटण्याची पातळी’ म्हणते.

एकटा हा आकडा फारसं काही सांगत नाही. तो पडताळायचा असतो दुसऱ्या एका पातळीशी. शांतपणे श्वास सोडल्यावर, जोर न लावता, छातीत जेवढी हवा राहते तिला आपण ‘विसाव्याची पातळी’ म्हणू. मिटण्याची पातळी विसाव्याच्या पातळीच्या खाली असेल, तर रोजच्या श्वासोच्छ्वासात एकही नळी मिटत नाही. ती वर चढली, तर प्रत्येक श्वासाच्या शेवटी काही नळ्या मिटणारच.

तुमच्या उंचीच्या माणसाचे ढोबळ आकडे घेऊन हे करून बघू. हे तुमचे मोजलेले आकडे नाहीत, हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. पंचविशीत कायम उरणारी हवा दीड लिटरच्या आत-बाहेर आणि क्लोजिंग व्हॉल्यूम अर्ध्या लिटरहून थोडा कमी, म्हणजे मिटण्याची पातळी १.९ लिटर. बसलेलं असताना विसाव्याची पातळी ३.१ लिटर. झोपल्यावर पोटातले अवयव पोट आणि छाती यांच्यामधल्या श्वासाच्या पडद्याला छातीत वर ढकलतात, त्यामुळे ही पातळी पाऊण लिटरच्या आसपास उतरते आणि २.४ वर येते. मिटण्याची पातळी मात्र झोपल्याने फारशी हलत नाही. तरीही अर्ध्या लिटरची सोय शिल्लक राहते. म्हणून तरुण माणूस कसाही झोपला तरी त्याचा ऑक्सिजन ढळत नाही.

आता तोच माणूस ६१ वर्षांचा झाला, आयुष्यात एकही विडी न ओढता. कायम उरणारी हवा २.२ लिटरवर गेली आणि क्लोजिंग व्हॉल्यूम पाऊण लिटर झाला. मिटण्याची पातळी आली २.९५ लिटरवर. बसल्यावर विसाव्याची पातळी ३.२, म्हणजे थोडक्यात निभावतं. झोपल्यावर ती २.४५ होते आणि मिटण्याची पातळी तिच्या अर्धा लिटर वर राहते. शांत श्वास साधारण अर्ध्या लिटरचाच असतो. म्हणजे या माणसाने झोपून घेतलेला प्रत्येक श्वास मिटण्याच्या पातळीच्या खालीच सुरू होतो आणि जेमतेम तिथवर पोहोचून परत फिरतो. सगळं फुप्फुस बंद पडतं असं नाही हं, फक्त जमिनीकडचा काही भाग. पण तो भाग त्या वेळेपुरता हवेला मुकतो.

ही गोष्ट १९७० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लेब्लांक, रफ आणि मिलिक-एमिली यांनी वेगवेगळ्या वयाच्या माणसांमध्ये मोजून दाखवली. दोन्ही पातळ्या सरासरीने एकमेकींना गाठतात, झोपलेल्या स्थितीत ४४ व्या वर्षाच्या सुमारास आणि बसलेल्या स्थितीत ६५ च्या सुमारास. भूलशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे तोंडपाठ असतात. तुम्ही या दोन वयांच्या मध्ये आहात. म्हणून बसून ठीक आणि झोपून उतरतं, यातला काही भाग निव्वळ वयाचा आहे.

वयाने मिटण्याची पातळी वर का चढते? फुप्फुसाच्या भिंतीतल्या लवचिक तंतूंची ताणून परत येण्याची ताकद पंचविशीनंतर हळूहळू घटत जाते आणि वायुकोशांकडे जाणाऱ्या वाटा रुंदावतात. म्हणजे दोऱ्या जागेवरच असतात, पण जुन्या होऊन सैलावतात. पूर्वी जेवढ्या हवेत त्या नळी उघडी धरून ठेवत, त्याहून आता जास्त हवा लागते. अगदी लहान मुलांतही असंच असतं. साधारण सहा वर्षांपर्यंत फुप्फुसाची ओढ आणि छातीचा ताठपणा पुरेसा आलेला नसतो, म्हणून बाळाला भूल दिली की ऑक्सिजन झपाट्याने उतरतो.

विडीचं काम वेगळं आहे, आणि ते एका जागी नाही, तीन जागी आहे. पहिलं म्हणजे धुरामुळे बारीक नळीच्या भिंतीत सूज येते, भिंत जाड होते आणि आतली पोकळी आधीच अरुंद होते. अरुंद नळी मिटायला कमी चेप पुरतो. दुसरं, आत चिकट स्राव साठतो. ओले पृष्ठभाग एकदा चिकटले की उघडायला जास्त जोर लागतो. तिसरं आणि सर्वांत वाईट म्हणजे, धुराने गोळा झालेल्या पेशींतून सुटणारी द्रव्यं वायुकोशांच्या भिंतीच खातात, म्हणजे ताणाच्या दोऱ्या तुटतात. वयाने दोऱ्या सैलावतात, विडीने त्या तुटतात आणि नळीही सुजते. त्यामुळे तुमच्या बाबतीत २.९५ ऐवजी मिटण्याची पातळी सव्वातीन लिटरच्या पुढे असेल, असं मी धरून चालते. शिवाय सुटलेल्या पोटाने विसाव्याची पातळी खाली ओढली. एक वर, एक खाली. ‘वयामुळे की विडीमुळे’ याचं उत्तर ‘दोन्हींमुळे’ असं आहे. पण यातला बदलता येणारा हिस्सा विडीचा आणि पोटाचा आहे.

हे नुकसान म्हातारपणी सुरू होत नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या नीवोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक मृत्यू आलेल्या तरुणांची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. सिगारेट ओढणाऱ्यांच्या अगदी बारीक नळ्यांभोवती तपकिरी रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा गराडा होता, आणि ही माणसं विशी-तिशीतली होती.

मग तुमची फुंकर मारायची टेस्ट नॉर्मल कशी? त्या टेस्टमध्ये पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मुख्यतः पाहतात, आणि त्यावर मोठ्या नळ्यांचा प्रभाव जास्त असतो. बारीक नळी एकेकटी अरुंद असली तरी अशा नळ्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की सगळ्यांची मिळून वाट रुंद होते. त्यामुळे निरोगी फुप्फुसात हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यातला त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. बऱ्याच बारीक नळ्या बिघडल्या तरी पहिल्या सेकंदाचा आकडा हलत नाही. त्या भागाला फुप्फुसाचा ‘मूक प्रदेश’ म्हणतात ते याचमुळे. तुमची नॉर्मल टेस्ट खोटी नाही, पण ती जिथे बघते तिथे तुमचा बिघाड नाही.

क्लोजिंग व्हॉल्यूम मोजायची रीत वेगळी आहे. नाकाला चिमटा लावून तोंडात नळी धरायची. आधी श्वास पूर्ण, अगदी शेवटपर्यंत सोडायचा. मग एकाच सावकाश श्वासात शुद्ध ऑक्सिजन छाती भरेपर्यंत आत घ्यायचा आणि तितक्याच सावकाश, सेकंदाला अर्ध्या लिटरहून कमी वेगाने, बाहेर सोडायचा. यंत्र बाहेर येणाऱ्या हवेतला नायट्रोजन मोजत असतं. श्वास पूर्ण सोडलेला असताना वरचे वायुकोश मोठे राहिलेले असतात, म्हणजे त्यांच्यात जुनी, नायट्रोजनवाली हवा जास्त असते. तळाचे वायुकोश छोटे झालेले असतात, त्यांच्यात ती कमी असते. नवा ऑक्सिजन जास्त करून तळाला जातो. त्यामुळे सोडताना यंत्राच्या पडद्यावरची नायट्रोजनची रेघ आधी शून्यावर असते, मग चढून जवळजवळ सपाट चालते, कारण वरची आणि खालची हवा मिसळून येत असते. शेवटी ती अचानक वर वळते. तिथे तळाच्या नळ्या मिटल्या आणि फक्त वरची नायट्रोजनवाली हवा यायला लागली. त्या वळणापासून शेवटपर्यंत जेवढी हवा निघाली, तो क्लोजिंग व्हॉल्यूम. ही साधी कल्पना मला वैद्यकातल्या सर्वांत सुंदर मोजमापांपैकी एक वाटते.

तरी ही टेस्ट शोधत तुम्ही पुण्या-मुंबईला जाऊ नका. १९७०च्या दशकात डॉक्टरांना वाटलं होतं, की विडी-सिगारेटवाल्यांपैकी पुढे कोणाला दम्यासारखा कायमचा आजार होणार हे ही टेस्ट आधी सांगेल. तसं घडलं नाही. ती बिघाड दाखवते, पण त्यातल्या कुणाची फुप्फुसं पुढे ढासळणार आणि कुणाची नाही, हे नीट सांगू शकत नाही. त्याच माणसाचे आकडे पुन्हा मोजताना बरेच बदलतात, आणि आजार वाढलेल्या माणसात रेघ आधीपासूनच चढती असल्याने वळण ओळखता येत नाही. म्हणून ती रोजच्या वापरात राहिली नाही. तुमच्या भूलतज्ज्ञांनीही ती केलेली नसणार. वय, विडी, पोट आणि झोपल्यावरचा ९२ हे बघून त्यांनी अंदाज बांधला आणि तो योग्य आहे.

नळ्या मिटल्या म्हणून ऑक्सिजन का उतरतो, हेही पाहा. मिटलेल्या भागात नवी हवा जात नाही, पण रक्त जातच राहतं. उलट गुरुत्वाकर्षणाने जमिनीकडच्या भागाला रक्त जास्त मिळतं. ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं आणि वरच्या भागातून आलेल्या चांगल्या रक्तात मिसळतं. शरीर त्या भागाचा रक्तपुरवठा काही प्रमाणात आखडून घेतं, म्हणून आकडा ९२ वर थांबतो, त्याहून खाली घसरत नाही.

त्या ९६ बद्दलही एक सावधगिरी. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो, आणि बोटाचं साधं मशीन त्याला ऑक्सिजनच समजतं. म्हणजे तुमचा खरा ऑक्सिजन दिसतो त्यापेक्षा थोडा कमी असू शकतो. मोजण्याआधी विडी ओढली असेल तर नक्कीच.

आता ऑपरेशन. पूर्ण भूल दिल्यावर छातीचे आणि पडद्याचे स्नायू सैल पडतात आणि झोपण्याने आधीच उतरलेली विसाव्याची पातळी आणखी चारशे ते पाचशे मिलिलिटर खाली जाते. मिटलेल्या नळीच्या मागे अडकलेला ऑक्सिजन रक्तात शोषला जातो आणि तो भाग चपटा होऊन बसतो. जांघेतल्या हर्नियाचं उघडं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन किंवा फक्त त्या जागेपुरती भूल देऊन करता येतं, तेव्हा पडदा आपलं काम करत राहतो. तुमच्यासाठी मला तेच बरं वाटतं, पण निर्णय सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतील. त्यांना झोपल्यावरचा ९२ हा आकडा स्वतःहून पुन्हा सांगा, आणि टेबलाचा डोक्याकडचा भाग थोडा उंच ठेवता येईल का ते विचारा.

विडी सोडण्याचा उपयोग आहे, आणि तो टप्प्याटप्प्याने दिसतो. बारा ते चोवीस तासांत कार्बन मोनॉक्साईड बहुतेक निघून जातो. चार आठवडे किंवा जास्त काळ सोडली, तर ऑपरेशननंतरच्या छातीच्या तक्रारी आणि जखम चिघळणं, दोन्ही कमी होतं. तुमच्या हातात महिना आहे, म्हणून आजच. ‘ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर कफ वाढतो, त्यापेक्षा नंतर सोडू’ असं कोणी सांगेल, ते मनावर घेऊ नका. तसा धोका पुढच्या अभ्यासांत आढळला नाही. बारीक नळ्यांचं म्हणाल, तर १९७६ मध्ये ओरेगनच्या सोनिया बुइस्ट यांनी सिगारेट सोडलेल्यांची हीच नायट्रोजनची टेस्ट पुन्हा पुन्हा केली, आणि काही महिन्यांत आकडे सुधारलेले दिसले. सूज उतरते, स्राव कमी होतो. तुटलेल्या दोऱ्या मात्र परत जोडल्या जात नाहीत. सहा महिन्यांनी तुमचा झोपलेला आकडा कदाचित ९४ होईल, पंचविशीचा होणार नाही. पण पुढे तुटणाऱ्या दोऱ्या वाचतील.

ऑपरेशननंतर तुम्हाला बहुधा तीन बॉलचं मशीन देतील. वॉर्डात कितीतरी जण त्यात जोराने फुंकतात, बॉल हलला नाही की आणखी जोराने. ते उलटं आहे. जोराने श्वास सोडला की तुम्ही मिटण्याच्या पातळीखाली उतरता आणि आणखी नळ्या बंद करता. नळी ओठांत धरून हवा सावकाश आत ओढायची, बॉल वर राहील इतकं, मग तीन-चार सेकंद धरायची आणि सहज सोडून द्यायची. जागेपणी तासातासाला दहा वेळा. त्याच कारणासाठी, आणि हर्नियाच्या टाक्यांसाठीही, कपालभाती सर्जन सांगतील तोवर बंद ठेवा. घरी पाठीखाली दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखं झोपा, आणि दुसऱ्या दिवशी उठवलं तर उठा, कंटाळा करू नका.

एक मात्र तपासून घ्या. सपाट झोपल्यावर नुसता आकडा उतरणं वेगळं आणि दम लागून उठून बसावं लागणं वेगळं. तसं होत असेल, पायांवर सूज येत असेल, किंवा घरचे सांगत असतील की तुम्ही घोरता घोरता श्वास थांबवता, तर या सगळ्याला क्लोजिंग व्हॉल्यूमचं नाव देऊन सोडून देता येणार नाही. अशा वेळी ऑपरेशनआधी हृदयाचा इको आणि झोपेची तपासणी लागेल. आकडा झोपल्यावर ९० च्या खाली जात असेल, तरीही ऑपरेशनच्या तारखेची वाट न बघता छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना घरी बसून व झोपून घेतलेले आकडे तारीख-वेळेसह एका कागदावर लिहून न्या.